राजगड, अठरा सेंटिमीटर

दिवाळीत अंगणात किल्ला उभा राहतो तेव्हा मोजमापाचा प्रश्न कुणी काढत नाही. दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकून चिखल थापायचा, हळीव पेरायचे आणि बालेकिल्ल्यापेक्षा उंच मावळे उभे करायचे. तो किल्ला कुठल्याही गडाचा असू शकतो. पण एखाद्याला राजगडच करायचा असेल, म्हणजे पद्मावती माची उत्तरेलाच हवी, सुवेळा पूर्वेला, संजीवनी नैर्ऋत्येला लांबलचक पसरलेली आणि मधल्या बालेकिल्ल्याची उंची बाकी डोंगराच्या मानाने बरोबर, तर चिखल बाजूला ठेवून आकडे हाती घ्यावे लागतात. हे आकडे फुकट मिळतात. त्यांच्यावरून पुठ्ठ्याचे थर कापून राजगडाची प्रतिकृती कशी करायची, कुठे फसायला होतं आणि या आकड्यांना गडावरचं काय दिसतच नाही, याचा हा हिशेब.

उंचीची ही माहिती मुळात एक जाळी असते. जमिनीवर साधारण ३० मीटर बाजूचे चौकोन आखलेले आहेत असं समजायचं आणि प्रत्येक चौकोनाला समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा एकच आकडा दिलेला. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानातून अकरा दिवस रडारने मोजणी झाली, तिच्यातून SRTM नावाची जाळी तयार झाली. पुढे जर्मनीच्या जोडउपग्रहांनी २०११ ते २०१५ या काळात केलेल्या मोजणीवरून Copernicus GLO-30 ही जाळी आली. इस्रोची कार्टोसॅट-१ वरून केलेली जाळी ‘भुवन’ संकेतस्थळावर मिळते. सह्याद्रीसाठी यांतली कोपर्निकसची जाळी घ्यावी. SRTM मध्ये खोल घळी आणि कड्यांच्या आडोशाला रडार पोचलं नाही तिथे भोकं राहिली होती आणि ती नंतर दुसऱ्या माहितीने बुजवली आहेत. ही ठिगळं राजगडासारख्या डोंगरावर नेमकी नको तिथे येतात.

OpenTopography या संकेतस्थळावर मोफत खातं उघडलं की नकाशावर चौकट आखून तेवढाच तुकडा उतरवून घेता येतो. राजगडासाठी उत्तरेला १८.२८, दक्षिणेला १८.२१, पश्चिमेला ७३.६४ आणि पूर्वेला ७३.७२ अंश अशी चौकट पुरते. ती हवी त्यापेक्षा मुद्दाम मोठी आहे, कारण पुढे कडा छाटायच्या आहेत. उतरवलेल्या फाइलला dem.tif असं साधं नाव द्यावं.

इथे बहुतेक जण लगेच समोच्च रेषा काढायला बसतात. त्याआधी कागद-पेन घेऊन पाच मिनिटांचं गणित करणं भाग आहे, कारण पुठ्ठ्याची जाडी, नकाशाचं प्रमाण आणि दोन रेषांमधलं उंचीचं अंतर या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. दोन ठरवल्या की तिसरी आपल्या हातात राहत नाही.

घरातला प्रिंटर ए-फोर कागद छापतो. त्याची रुंदी २१ सेंटिमीटर, त्यातून कडेची कोरी जागा सोडली की १८ सेंटिमीटरचा चौरस निवांत बसतो. राजगडाच्या तिन्ही माच्या आणि भोवतीचा उतार धरायला साडेचार किलोमीटरचा चौरस पुरतो. साडेचार किलोमीटर अठरा सेंटिमीटरमध्ये, म्हणजे प्रमाण १:२५,०००. या प्रमाणात प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर, आणि जाळीचा एक चौकोन म्हणजे सव्वा मिलिमीटरला थोडा कमी. दुप्पट मोठी प्रतिकृती केली तर चौकोन दुप्पट मोठा होईल, बारकावा तेवढाच राहील. म्हणून हाच आकार योग्य.

आता उंची. पुस्तकबांधणीवाले ज्याला ग्रे बोर्ड म्हणतात तो दोन मिलिमीटर जाडीचा करडा पुठ्ठा स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळतो. आडव्या प्रमाणात बघितलं तर दोन मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. दर ५० मीटरला एक थर ठेवला तर डोंगर जसाच्या तसा येईल. पण टेबलावर ठेवलेली प्रतिकृती आपण वरून बघतो, आणि वरून बघताना प्रमाणातला डोंगरही चपटा वाटतो. त्यामुळे उंची थोडी ताणायची रीत आहे. थर ४० मीटरचा धरला तर ताण सव्वापट होतो: थराची जाडी भागिले थराची उंची, गुणिले प्रमाणाचा आकडा, म्हणजे ०.००२ ÷ ४० × २५,००० = १.२५. राजगड मुळातच उभा आहे, त्याला एवढं पुष्कळ झालं. पुण्याच्या पर्वतीसारखी बुटकी टेकडी करायची असेल तर दुपटीचा ताणही चालतो. राजगडाला दुप्पट ताण दिला की तो परीकथेतल्या चित्रासारखा दिसू लागतो.

गडमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७५ मीटरवर आहे आणि पायथ्याच्या दऱ्या साधारण साडेसहाशे-सातशे मीटरच्या घरात. पहिली रेषा ७०० मीटरची आणि पुढे दर ४० मीटरला एक अशा रेषा घेतल्या तर शेवटची १,३४० ला येते. एकूण सतरा थर, खाली एक पाटी. उंची ३६ मिलिमीटर. पहिली रेषा ६८० ला धरली असती तर शेवटची १,३६० ला आली असती, आणि ३० मीटरच्या जाळीत शिखराचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच येत असल्यामुळे तो वरचा थर तांदळाएवढा तरी उरला असता की नाही कोण जाणे. रेषांची सुरुवात कुठून करायची हे शिखराकडे बघून ठरवायचं, पायथ्याकडे बघून नाही.

गणित संपलं. आता QGIS ही मोफत संगणकप्रणाली उतरवून घ्यावी. उतरवलेली जाळी अंशांमध्ये असते आणि पुठ्ठा मिलिमीटरमध्ये कापायचा असतो, त्यामुळे आधी तिला मीटरमध्ये आणावं लागतं. ही पायरी गाळली तर काय होतं ते कळायला सोपं आहे. राजगडाच्या अक्षांशावर एक अंश उत्तर-दक्षिण सुमारे ११०.७ किलोमीटर भरतो आणि एक अंश पूर्व-पश्चिम सुमारे १०५.८. दोन्ही सारखे धरून छापलं की डोंगर पूर्व-पश्चिम दिशेने साडेचार टक्के फुगतो. अठरा सेंटिमीटरवर आठ मिलिमीटर. नजरेला ते खटकत नाही, पण एकदा चुकलं की टोपोशीटशी काही जुळत नाही आणि कारण सापडत नाही.

QGIS सोबत विंडोजवर OSGeo4W Shell नावाची खिडकी येते. तिच्यात, फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जाऊन, या दोन ओळी द्याव्यात:

```
gdalwarp -t_srs EPSG:32643 -te 358000 2015600 362500 2020100 -tr 10 10 -r cubicspline dem.tif rajgad.tif
gdal_contour -f GPKG -a elev -i 40 -off 20 rajgad.tif rajgad_40.gpkg
```

पहिली ओळ जाळी मीटरमध्ये आणते आणि साडेचार किलोमीटरचा चौरस कापते. EPSG:32643 हा पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गोवा आणि बहुतेक मराठवाडा ज्या पट्ट्यात येतो त्याचा क्रमांक आहे. नागपूर आणि पूर्व विदर्भातल्या वाचकांनी आपल्या टेकडीसाठी 32644 घ्यावा, कारण ७८ अंश रेखांशाला पट्टा बदलतो. -te नंतरचे चार आकडे म्हणजे चौरसाची पश्चिम, दक्षिण, पूर्व आणि उत्तर कड. -tr 10 10 मुळे चौकोन दहा मीटरचे होतात. याने माहितीत भर पडत नाही, फक्त रेषांचे जिन्यासारखे कोपरे गुळगुळीत होतात. दुसरी ओळ समोच्च रेषा काढते. -i 40 म्हणजे दर ४० मीटरला. -off 20 मुळे रेषा ७००, ७४०, ७८० अशा येतात. ते दिलं नाही तर ४० च्या पटीत म्हणजे ६८०, ७२०, ७६० अशा येतील.

लगेच पुढे जाऊ नये. rajgad.tif उघडून तिच्या माहितीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा बघावा. सर्वांत जास्त आकडा १,३७५ च्या जवळपास, बहुधा थोडा खाली, असला तर सगळं ठीक. शून्य किंवा उणे हजारोंच्या घरातला आकडा दिसला तर चौकट उतरवलेल्या तुकड्याबाहेर गेली आहे किंवा जाळीत भोक आहे. मग त्याच थरावर Hillshade ही छायाप्रकाशाची मांडणी लावावी. राजगडाच्या तीन सोंडा एका मधल्या गोळ्यातून निघालेल्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत. एखादा भाग कापडासारखा अस्वाभाविक गुळगुळीत दिसला तर ते ठिगळ समजावं. तिन्ही माच्या चौकटीत नीट बसल्या आहेत का हे उपग्रहचित्राशी ताडून बघावं आणि नसतील तर -te मधले आकडे सरकवून दोन्ही ओळी पुन्हा चालवाव्यात.

रेषा बघितल्या की त्यांच्यात बारीक वर्तुळं दिसतील, झाडांचा गुच्छ किंवा मोजणीतला गोंधळ. पुठ्ठ्यावर ती तीन मिलिमीटरपेक्षा लहान येणार, म्हणजे कापताही येणार नाहीत. रेषांच्या थराला संपादनात घेऊन `$length < 250` या सूत्राने अडीचशे मीटरपेक्षा लहान रेषा निवडाव्यात. पण निवडलेल्या सगळ्या पुसू नयेत. यांतलं एखादं वर्तुळ खरंच सुळक्याचं टोक असू शकतं, आणि चौकटीच्या कोपऱ्यातले तुकडेही लहान असतात. एकेक बघून पुसावं. आणखी एक सापळा म्हणजे खड्डा. बंद वर्तुळ दिसलं की आपण टेकडी समजतो. प्रत्यक्षात आतला भाग बाहेरच्यापेक्षा खोलही असू शकतो. आत-बाहेर टिचकी देऊन उंची बघितली की कळतं.

७०० च्या खालची एखादी रेषा आली असेल तर तीही पुसावी. आता सतरा पानं छापायची. ती एकेक करून तयार करणं हे कंटाळवाणं काम आणि चुकांचं घर. QGIS मध्ये Atlas नावाची सोय आहे, तिने सगळी पानं एका फटक्यात निघतात. आधी Dissolve या साधनाने एकाच उंचीच्या सगळ्या रेषा एकत्र करायच्या. त्यात elev हा रकाना निवडायचा. मग नवा Print Layout उघडून त्यात १८० मिलिमीटर चौरसाचा नकाशा ठेवायचा, प्रमाण 25000 आणि चौकटीचे तेच चार आकडे. चौकटीची रेघ चालू करायची, कारण पुठ्ठा डोंगरउतारावर रेषेने आणि बाजूंना चौकटीने कापायचा आहे. Atlas मध्ये Dissolve केलेला थर निवडायचा आणि नकाशावरचा Controlled by Atlas हा पर्याय बंदच ठेवायचा. तो चालू राहिला तर प्रत्येक पान वेगळ्या प्रमाणात छापलं जातं आणि सतरा वेगळे डोंगर तयार होतात.

खरी गंमत थराच्या रंगरेषांमध्ये आहे. Rule-based मांडणी निवडून दोन नियम द्यायचे:

```
"elev" = attribute(@atlas_feature, 'elev')
"elev" = attribute(@atlas_feature, 'elev') + 40
```

पहिल्याला काळी सलग रेषा, दुसऱ्याला करडी तुटक. मग ७४० च्या पानावर ७४० ची रेषा कापण्यासाठी येते आणि ७८० ची तुटक रेषा वरचा थर कुठे चिकटवायचा ते दाखवते. पानाच्या कोपऱ्यात `[% "elev" %]` असं लिहिलेली पाटी ठेवली की प्रत्येक पानावर आपोआप आकडा छापला जातो. पानं उंचीच्या क्रमाने लावून पीडीएफ काढावी.

छापताना प्रिंटरच्या खिडकीत Actual size किंवा १०० टक्के हेच निवडावं. Fit to page हा पर्याय बहुधा आधीच निवडलेला असतो आणि तो पान तीन-चार टक्क्यांनी आखडवतो. पहिलं पान निघालं की पट्टीने चौकट मोजावी. अठरा सेंटिमीटर भरली नाही तर पुढची पानं फुकट जाण्याआधी थांबावं.

छापील पान पुठ्ठ्याला डिंककाडीने हलकेच चिकटवावं, नंतर सोलता आलं पाहिजे. इथे एक मोह होतो. तुटक रेषा आणि आकडे प्रतिकृतीवर दिसू नयेत म्हणून काही जण पान पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला लावतात. तसं केलं की डोंगर आरशातला होतो आणि संजीवनी आग्नेयेला जाते. पान मागे लावायचंच असेल तर छपाईही उलटी करावी. नाहीतर सरळ समोर लावावं आणि शेवटी रंग द्यावा.

दोन मिलिमीटरचा ग्रे बोर्ड एका दाबात कापायचा प्रयत्न केला की पातं वाकतं, रेषा सुटते आणि बोट सापडतं. तोडता येणाऱ्या पात्यांचा दणकट कटर घेऊन तीन-चार हलके हात फिरवावेत. पहिला हात फक्त रेषा खणायला, पुढचे खोल जायला. पातं बोथट झालं हे आवाजावरून कळतं. पुठ्ठा फाटल्यासारखा करकरतो आणि कड केसाळ येते. तेव्हा टोक मोडून नवं काढावं, कंजूषपणा करू नये. घळींच्या आतल्या चिंचोळ्या वळणांत कटर फिरवण्याऐवजी पुठ्ठा फिरवावा. वळण फार तीव्र असेल तर दोन्ही बाजूंनी आत येऊन टोकाला भेटावं. खाली जुना लाकडी फळा किंवा कटिंग मॅट हवी.

खोक्याचा नळीदार पुठ्ठा वापरू नये. तो कापताना कडेला दबतो आणि थराची जाडी जागोजाग बदलते. शहरात लेझर कटिंगवाले तीन मिलिमीटरचं एमडीएफ कापून देतात, पण मग गणित पुन्हा करावं लागतं. सव्वापट ताण राखायचा तर थर ६० मीटरचा घ्यावा लागेल आणि संख्या अकरा-बारावर येईल. कड सुरेख येते, पण राजगडाच्या माच्या इतक्या जाड थरांत भोंगळ दिसतात.

इंटरनेटवर पुठ्ठा वाचवायची एक युक्ती सांगितलेली असते. एका पुठ्ठ्यातून एक थर कापायचा आणि त्याच्या पोटातून एक सोडून वरचा थर काढायचा, म्हणजे आतून पोकळ कड्या एकमेकींवर बसतात. पसरट टेकडीला हे चालतं. ४५ अंशांच्या उतारावर ४० मीटर उंचीला ४० मीटरचंच अंतर लागतं, म्हणजे प्रतिकृतीवर दोन रेषांमध्ये १.६ मिलिमीटर. तेवढ्या पट्टीवर गोंद लावून काही टिकत नाही. राजगडाला प्रत्येक थर भरीवच हवा.

आणि जिथे कडा आहे तिथे? इथेच आकड्यांची मर्यादा उघडी पडते. समजा साठ मीटर उंचीचा सरळ कातळकडा आहे. जाळीत कड्याच्या वरच्या चौकोनात एक आकडा आणि खालच्यात दुसरा. त्यांच्यामधलं अंतर ३० मीटर, त्यामुळे कडा सरळ न राहता किमान ३० मीटरवर तिरका पसरतो. मोजणीतच थोडं गुळगुळीकरण झालेलं असतं, ते धरलं तर साठ मीटरवर, म्हणजे ४५ अंशांचा उतार. ज्या बालेकिल्ल्याला कठड्याला धरून चढावं लागतं तो पडद्यावर शेळ्या चराव्यात असा दिसतो.

हे हाताने दुरुस्त करावं, आणि ते लबाडी नव्हे. सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटवर दर २० मीटरला रेषा असतात आणि कड्यांची वेगळी खूण असते. ती शीट आणि उपग्रहचित्र समोर ठेवून, छापील पानांवर कड्याच्या जागी दोन-तीन लगतच्या रेषा पेन्सिलने एकमेकींवर आणून ठेवाव्यात. कापताना त्या थरांच्या कडा तिथे एकाच उभ्या रेषेत येतात आणि कडा कड्यासारखा दिसतो. रेषा खालून वर ओढायची की वरून खाली? कड्याचा माथा साधारणपणे उपग्रहचित्रात नीट दिसतो, त्यामुळे वरची रेषा पक्की धरून खालच्या तिच्याकडे सरकवाव्यात. बालेकिल्ल्याच्या सगळ्या बाजूंना आणि संजीवनीच्या दोन्ही अंगांना हे करण्यासारखं आहे. संजीवनी लांब आहे पण अरुंद, तिचा माथा जाळीच्या जेमतेम दोन-तीन चौकोनांएवढा. त्यामुळे मूळ रेषांमध्ये ती जागोजाग तुटलेली, बेटांसारखी येते. खरी माची सलग आहे हे माहीत असेल तर ती बेटं जोडून घ्यावीत.

जोडणीला पांढरा गोंद चालतो, पण त्यातल्या पाण्याने पुठ्ठा फुगून वाकतो. पातळ थर द्यावा, जुन्या एटीएम कार्डाने पसरवावा आणि तीन-चार थर झाले की वर जाड पुस्तकांचं ओझं ठेवून रात्रभर सोडावं. सतराच्या सतरा एकदम चिकटवले तर ओल आत अडकते आणि कडा नंतर उचलून येतात. थर सरकू नयेत म्हणून सगळ्या पानांवर एकाच जागी टाचणीचं भोक पाडायची पद्धत आहे. इथे अडचण अशी की सगळ्या थरांत सामाईक जागा फक्त बालेकिल्ल्याच्या माथ्यावर मिळते. एका टाचणीभोवती थर गरकन फिरू शकतो. टाचणीने जागा पक्की करावी आणि फिरणं थांबवायला तुटक रेषा बघावी. वरच्या थरांत माच्यांचे सुटे तुकडे होतात, त्यांना टाचणीचा आधार नाही, तुटक रेषा हाच एक आधार. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर उंची आणि उत्तरेचा बाण पेन्सिलने लिहून ठेवावा. टेबलावर सांडल्यावर १,२२० चा तुकडा आणि १,२६० चा तुकडा यांत फरक सांगता येत नाही.

थरांच्या पायऱ्या कागदाच्या लगद्याने किंवा पीओपीने बुजवाव्यात का? राजगडाच्या बाबतीत तरी न बुजवणंच बरं. सह्याद्री हा लाव्ह्याच्या जवळपास आडव्या थरांचा डोंगर आहे, काळा कातळ आणि मऊ उतार यांच्या पायऱ्या मुळातच आहेत. लगद्याने गुळगुळीत केलेला राजगड मुरमाच्या ढिगासारखा दिसतो. एवढं मात्र ध्यानात ठेवावं की प्रतिकृतीतल्या ४० मीटरच्या पायऱ्या आपण ठरवलेल्या आहेत, निसर्गातल्या पायऱ्या त्याच उंचीवर असतील असं नाही.

ज्यांच्या हाताशी त्रिमिती छपाईयंत्र आहे त्यांना कापाकापी टळते. थरांवर थर रचून डोंगर करायची कल्पना तशी जुनी आहे. १८९२ मध्ये अमेरिकेत ब्लँथर नावाच्या माणसाने मेणाच्या पाट्या समोच्च रेषांवर कापून उठावाचे नकाशे करण्याचं पेटंट घेतलं होतं. यंत्र तेच करतं, फक्त थर ०.२ मिलिमीटरचा. QGIS मध्ये DEMto3D नावाची जोड बसवावी, rajgad.tif तिला द्यावी, प्रमाण 25000, उंचीचा ताण 1.25 आणि बिंदूंमधलं अंतर ०.४ मिलिमीटर सांगावं. याहून बारीक अंतर दिलं तर फाइल अवजड होते आणि डोंगरात काही भर पडत नाही. पायाची उंची सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा साठेक मीटर कमी धरली की खाली तीनेक मिलिमीटरची बैठक मिळते. ती शून्य मीटर ठेवणं ही नेहमीची चूक. मग डोंगराखाली साडेसहाशे मीटरची निरुपयोगी वीट छापली जाते आणि प्लास्टिक ग्रॅमवर मोजणारा दुकानदार खूश होतो. अठरा सेंटिमीटरची पाटी घरगुती यंत्राच्या बावीस सेंटिमीटरच्या बैठकीवर मावते आणि कुठेही आधाराचे खांब लागत नाहीत.

आधार लागत नाहीत याचं कारण बघण्यासारखं आहे. जाळीत एका जागेला एकच उंची असते, त्यामुळे पुढे झुकलेला कडा, गुहा किंवा आरपार भोक तिच्यात असूच शकत नाही. सुवेळा माचीवरचं नेढं, जे लांबून दिसतं आणि ज्यात बसून वारा खाल्ल्याशिवाय राजगडची फेरी पुरी होत नाही, ते कोपर्निकसच्या जाळीत नाही, SRTM मध्ये नाही, आणि ३० मीटरची जाळी एक मीटरची केली तरी येणार नाही. ते पाच मीटरचं धरलं तरी या प्रमाणात ०.२ मिलिमीटर होतं. शिवणाची सुई त्यापेक्षा जाड असते. तरी सुवेळाच्या धारेवर जागा नीट हेरून सुईने आडवं भोक पाडावं, बघणारे पहिल्यांदा तेच शोधतात.

रंग वाळला की पाटीच्या कडेला चार गोष्टी लिहाव्यात: प्रमाण १:२५,०००, उंचीचा ताण १.२५, थर ४० मीटर आणि माहितीचा स्रोत. कोपर्निकसच्या परवान्यात स्रोताचा उल्लेख बंधनकारक आहे. हाताने सरकवलेल्या कड्यांची आणि जोडलेल्या बेटांची नोंद पाटीच्या मागे करावी, म्हणजे तोरण्याची जोडी करायला घेताना कुठल्या रेषा मोजलेल्या आणि कुठल्या आपण ओढलेल्या हे कळेल.